क्लाउडवर जाताना अ‍ॅप्लिकेशन फोडायचे की अखंड न्यायचे: एका बुकिंगचा हिशेब

गोव्यात पर्यटनावर चालणाऱ्या धंद्यांचे सॉफ्टवेअर बदलायचे ते पावसाळ्यात. जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात, खोल्या रिकाम्या राहतात आणि मालकांना आपल्या सर्व्हरकडे बघायला सवड मिळते. एकदा ऑक्टोबर उजाडला की चालू यंत्रणेला हात लावायला कोणी धजत नाही. पणजीतल्या आमच्या पाच जणांच्या टीमने अशाच एका पावसाळ्यात एका ग्राहकाचे बुकिंगचे अ‍ॅप्लिकेशन क्लाउडवर नेले आणि नेता नेता त्याच्या सहा मायक्रोसर्व्हिस, म्हणजे नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे सहा सुटे प्रोग्राम, केल्या. पुढच्या पावसाळ्यात त्यातल्या पाच आम्ही परत एकत्र केल्या. या दोन पावसाळ्यांतून जी पद्धत हाती लागली, ती इथे क्रमाने लिहितो आहे.

अ‍ॅप्लिकेशन साधेच होते. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या घरगुती निवासांच्या खोल्या आणि होडीच्या फेऱ्या एकाच पावतीवर विकायच्या. जावा, स्प्रिंग बूट, पोस्टग्रेस, आणि हे सगळे ऑफिसातल्या एका कपाटात ठेवलेल्या एकाच सर्व्हरवर. पावसात वीज गेली आणि यूपीएस संपला की बुकिंग बंद. त्यामुळे क्लाउडवर जायचे कारण खरे होते. या धंद्याचे मालक, म्हणजे आमचे शेट, म्हणाले, "आता एवढा खर्च करतोच आहोत, तर नव्या पद्धतीनेच करून टाका." आम्ही हो म्हटले. पहिली चूक तिथेच झाली. क्लाउडवर जाणे म्हणजे मशीन बदलणे आणि अ‍ॅप्लिकेशन फोडणे म्हणजे प्रोग्रामची रचना बदलणे. ही दोन स्वतंत्र कामे आहेत. पहिल्यासाठी दुसरे करावे लागत नाही. दोन्ही एकदम केली की काही बिघडल्यावर दोष नव्या मशीनचा की नव्या रचनेचा, हे शोधण्यातच दिवस जातात.

पहिली पायरी: एक बुकिंग कागदावर उतरवा

क्लाउडच्या किमती बघण्याआधी आपल्या धंद्यातला सर्वात महत्त्वाचा एक व्यवहार घ्या आणि तो पूर्ण होताना डेटाबेसमध्ये काय काय बदलते ते लिहा. आमच्याकडे तो असा होता: चार जणांचे कुटुंब, एक खोली, एक रात्र आणि होडीत चार जागा.

```sql
BEGIN;
UPDATE room_night SET booked = booked + 1
 WHERE room_type_id = 14 AND night = '2024-12-28'
   AND booked < total;
UPDATE boat_slot SET seats_left = seats_left - 4
 WHERE id = 371 AND seats_left >= 4;
INSERT INTO booking (id, status) VALUES (9051, 'HELD');
COMMIT;
```

यातल्या कुठल्याही `UPDATE` ने शून्य ओळी बदलल्या तर कोड `ROLLBACK` करतो. खोली मिळाली आणि होडी मिळाली नाही, अशी स्थिती एका क्षणासाठीही कोणाला दिसत नाही. दोन माणसांनी शेवटची खोली एकाच वेळी मागितली तर पोस्टग्रेस दुसऱ्याला त्या ओळीपाशी थांबवतो, पहिल्याचे काम झाल्यावर अट पुन्हा तपासतो आणि दुसऱ्याला शून्य ओळी देतो. मध्येच वीज गेली तर अर्धवट काम आपोआप पुसले जाते. या सगळ्यासाठी आपण एक ओळही लिहिलेली नसते. डेटाबेस हे फुकट करतो, म्हणून त्याची किंमत कधी लक्षात येत नाही.

आता खोल्यांची एक सर्व्हिस आणि होड्यांची दुसरी झाली असे समजा. `BEGIN` आणि `COMMIT` यांच्यामध्ये नेटवर्क आले, म्हणजे तो एकच व्यवहार उरत नाही. खोली राखली, होडीला विचारले आणि होडीकडून पाच सेकंदांत उत्तर आले नाही. याचे अर्थ तीन निघतात. विनंती पोचलीच नाही. पोचली, पण काम झाले नाही. किंवा काम झाले आणि उत्तर वाटेत हरवले. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. खोली सोडून दिली तर तिसऱ्या शक्यतेत होडीच्या चार जागा अडकून पडतात. पुन्हा विचारले तर त्याच शक्यतेत आठ जागा जातात.

कागदावर व्यवहाराभोवती एक रेघ मारा. ज्या गोष्टी एकत्र व्हायलाच हव्यात किंवा एकत्र रद्द व्हायला हव्यात, त्या रेघेच्या आत. ही रेघ पुढे सगळीकडे उपयोगी पडते, कारण फोडायचेच झाले तर ते रेघेच्या बाहेर फोडायचे असते.

दुसरी पायरी: पेमेंटचा कोड उघडा आणि ओळी मोजा

तुमच्या अखंड अ‍ॅप्लिकेशनमध्येही नेटवर्कवरची एक सीमा आधीपासून आहे. ती म्हणजे पेमेंट गेटवे. तो दुसऱ्याच्या सर्व्हरवर असतो, त्यामुळे त्याच्याशी एका व्यवहारात काम करता येत नाही. नव्या सीमेचा खर्च किती येईल हे बाहेर कोणाला विचारायची गरज नाही. जुन्या सीमेपाशी काय काय लिहावे लागले ते बघा.

आम्ही बघितले. खोली राखायचा कोड एका पडद्यावर मावत होता. पेमेंटच्या बाजूला मात्र असे सगळे होते: प्रत्येक प्रयत्नाची स्थिती ठेवणारे टेबल, एकच मागणी दोनदा गेली तरी पैसे एकदाच धरले जावेत म्हणून पाठवायची `Idempotency-Key`, गेटवेकडून येणारे वेबहूक आणि त्याची सही तपासणे, वेबहूक आलेच नाही तर दर पंधरा मिनिटांनी गेटवेला विचारणारा जॉब, युपीआयमध्ये लटकलेल्या पेमेंटसाठी वेगळी स्थिती, आणि एवढे करूनही न जुळलेल्या रकमा हाताने परत करण्यासाठी अकाउंट बघणाऱ्या ताईंचा एक स्क्रीन. "पैसे कापले गेले, पण बुकिंग दिसत नाही" असा फोन कधीतरी यायचाच. वर्षानुवर्षे सुधारत आणलेला कोड असूनही तो यायचा.

एका सीमेला लागणारा कोड हा असा असतो. सहा सर्व्हिस केल्या की अशा सीमा पाच-सहा होतात आणि पेमेंटपाशी जे जे करावे लागले ते त्या प्रत्येकीवर करावे लागते. केले नाही तर त्रुटी नाहीशी होत नाही, ती फक्त गर्दीच्या दिवसापर्यंत झाकून राहते. आम्ही खोल्या, होड्या, बुकिंग, पेमेंट, व्हाउचर आणि ग्राहकाची प्रत्येक मागणी घेऊन पुढे पाठवणारी दारावरची गेटवे सर्व्हिस अशा सहा केल्या आणि पेमेंटसारखी काळजी एकाही नव्या सीमेवर घेतली नाही. ऑगस्टमधल्या चाचण्या सगळ्या पास झाल्या.

तिसरी पायरी: फोडण्याआधी तीन आकडे मांडा

हे गणित अर्ध्या तासाचे आहे आणि आम्ही ते केले नव्हते.

पहिला आकडा उपलब्धतेचा. एक सर्व्हिस ९९.९ टक्के वेळ चालू राहते असे धरू. तीस दिवसांच्या महिन्यात ती सुमारे ४३ मिनिटे बंद असेल. एक बुकिंग व्हायला अशा पाच सर्व्हिस एकामागून एक चालू लागत असतील आणि त्यांचे बिघाड एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर ०.९९९ पाच वेळा गुणायचे. उत्तर ९९.५ टक्के येते, म्हणजे महिन्याला सुमारे साडेतीन तास. प्रत्येक सर्व्हिस पूर्वीइतकीच चांगली असूनही बुकिंग पाचपट जास्त वेळ बंद.

दुसरा आकडा रिट्रायचा. गेटवे सर्व्हिस तीन प्रयत्न करते, ती बुकिंगला बोलावते, बुकिंग पुढे तीन करते, आणि पेमेंट सर्व्हिस बाहेरच्या गेटवेकडे तीन. सगळ्यात आतला दुवा मंद झाला की ग्राहकाच्या एका क्लिकमागे तिथे २७ मागण्या जाऊ शकतात. आधीच दमलेल्या यंत्रणेवर हा भार पडतो. म्हणून रिट्राय एकाच थरात ठेवायचा. तिथेही दोन प्रयत्नांमधले अंतर वाढवत न्यायचे आणि त्यात थोडा अनियमितपणा ठेवायचा, म्हणजे सगळे एकदम परत धडकत नाहीत.

तिसरा आकडा डेटाबेसच्या कनेक्शनचा. आम्हाला बुडवले ते यानेच, म्हणून तो तपशिलात सांगतो.

पोस्टग्रेसचे `max_connections` मुळात १०० असते आणि त्यातली तीन सुपरयूजरसाठी राखीव असतात. अ‍ॅप्लिकेशनला मिळतात ९७. स्प्रिंग बूटमध्ये कनेक्शनचा पूल हिकारी सांभाळतो. त्याचा ठरलेला आकार सर्व्हिसच्या प्रत्येक चालू प्रतीमागे १० आहे, आणि काही बदलले नाही तर तो दहाच्या दहा कनेक्शन कायम उघडी धरून ठेवतो. आमच्या चार सर्व्हिस डेटाबेसशी बोलत होत्या, प्रत्येकीच्या दोन प्रती. चार गुणिले दोन गुणिले दहा, ८०. सगळे ठीक चालले.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एका संध्याकाळी गर्दी वाढली आणि ऑटोस्केलरने आपले काम केले. खोल्या, होड्या आणि बुकिंग यांच्या दोनच्या चार प्रती झाल्या. तीन गुणिले चार गुणिले दहा, १२०, आणि पेमेंटच्या २०. मागणी १४०, जागा ९७. नव्या प्रतींचे पूल अर्धवट भरले आणि मोकळ्या होणाऱ्या प्रत्येक जागेसाठी टपून बसले. तेवढ्यात पेमेंटची एक प्रत मेमरी भरून रीस्टार्ट झाली. तिने सोडलेली दहा कनेक्शन इतरांनी लगेच उचलली. ती परत उठली तेव्हा तिच्यासाठी एकही उरले नव्हते. लॉगमध्ये हीच ओळ पुन्हा पुन्हा दिसत होती:

```
FATAL: remaining connection slots are reserved for
non-replication superuser connections
```

सगळा भार पेमेंटच्या उरलेल्या एका प्रतीवर आला आणि तिची उत्तरे पाच सेकंदांच्या पलीकडे गेली. बुकिंग सर्व्हिसने तीनदा विचारले, उत्तर आले नाही, म्हणून बुकिंग "अयशस्वी" नोंदवून खोली सोडून दिली. ती खोली पुढच्या ग्राहकाने घेतली. पहिल्याचे पैसे मात्र गेलेले होते. त्यातल्या काहींनी पुन्हा प्रयत्न करून दुसऱ्यांदा पैसे भरले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून शेट स्वतः एकेका कुटुंबाला फोन करून दुसरीकडे खोली शोधून देत होते. सामान घेऊन दारात उभ्या असलेल्या माणसाला "सिस्टिमची चूक" हे उत्तर देता येत नाही.

यात एकही सर्व्हिस चुकीची वागली नव्हती. ऑटोस्केलर बरोबर वागला, पूल बरोबर वागले, टाइमआउट सांगितल्यासारखाच चालला. चूक त्यांच्यामधल्या जागेत होती आणि तिथे कोणाचाच कोड नव्हता. अखंड अ‍ॅप्लिकेशनच्या दोनच्या चार प्रती झाल्या असत्या तर कनेक्शन वीसाची चाळीस झाली असती. आणि पेमेंटचे वेबहूक आल्यावर पैसे आणि बुकिंग एकाच व्यवहारात नोंदले गेले असते. ते जमले नसते तर गेटवेने वेबहूक पुन्हा पाठवले असते.

महिन्याच्या बिलाचा हिशेबही मांडून ठेवा, पण त्यात मशीनचे भाडे सर्वात लहान निघते. वाढतात त्या बाजूच्या गोष्टी: प्रत्येक सर्व्हिसचे लॉग साठवायचे पैसे, चाचणीसाठी उभी केलेली सहाच्या सहांची दुसरी प्रत, आणि दोन वेगळ्या झोनमधल्या मशीनांमध्ये जाणारा डेटा, ज्याचे पैसे एडब्ल्यूएस दोन्ही टोकांना लावते. एकाच प्रोसेसमध्ये असलेली फंक्शने एकमेकांशी बोलतात त्याचे बिल येत नाही. अ‍ॅमेझॉनच्याच प्राइम व्हिडिओच्या एका टीमने २०२३ मध्ये हे जाहीरपणे लिहिले होते. व्हिडिओ प्रवाहाची गुणवत्ता तपासणारे त्यांचे एक साधन अनेक तुकड्यांत विभागलेले होते आणि तुकड्यांमध्ये चित्रे एस३ मधून फिरत होती. सगळे एका प्रोसेसमध्ये आणल्यावर त्या साधनाचा खर्च ९० टक्क्यांहून जास्त उतरला. हे त्या एका साधनापुरते आहे, सगळ्या प्राइम व्हिडिओचे नाही. पण कारण तेच आहे: जे मेमरीतून जात होते ते नेटवर्कवरून जाऊ लागले की पैसे लागतात.

चौथी पायरी: आहे तसे उचला, पण चार गाठी आधी सोडवा

अखंड अ‍ॅप्लिकेशन क्लाउडवर नेताना एका मशीनच्या जागी दोन प्रती चालवायच्या असतात, म्हणजे एक पडली तरी दुसरी उभी राहते. एकाच सर्व्हरवर वाढलेल्या कोडमध्ये मात्र "मशीन एकच आहे" हे गृहीत कुठे कुठे मुरलेले असते. ते शोधणे हेच या पायरीचे खरे काम आहे.

सेशन सर्व्हरच्या मेमरीत असेल तर दुसऱ्या प्रतीवर गेलेला ग्राहक लॉगआउट होतो. सेशन डेटाबेसमध्ये किंवा रेडिसमध्ये हलवा. खोल्यांचे फोटो आणि ओळखपत्रांच्या प्रती डिस्कवर असतील तर त्या ऑब्जेक्ट स्टोअरेजमध्ये न्या. पासवर्ड आणि पत्ते फाइलमधून काढून एन्व्हायर्नमेंटमध्ये टाका. या तिन्ही गोष्टी सरळ आहेत.

चौथी फसवी आहे. रात्री चालणारे जॉब आता दोन्ही प्रतींवर चालतील. होडीवाल्यांना रोजचा हिशेब दोनदा जाईल. यावर पोस्टग्रेसचेच कुलूप पुरते. जॉबच्या व्यवहारात पहिली ओळ ही घाला:

```sql
SELECT pg_try_advisory_xact_lock(42);
```

`true` आले तर पुढे जायचे, `false` आले तर दुसरी प्रत ते काम करते आहे. नावातला `xact` महत्त्वाचा आहे. तो नसलेले कुलूप हाताने सोडेपर्यंत किंवा कनेक्शन बंद होईपर्यंत टिकते, आणि पूलमध्ये काम संपले म्हणून कनेक्शन बंद होत नाही. दोन प्रतींची घड्याळे थोडी मागेपुढे असू शकतात, म्हणून "आजचा जॉब झाला" अशी तारखेची नोंदही त्याच व्यवहारात ठेवा. नाहीतर पहिली प्रत काम संपवून कुलूप सोडते आणि दुसरी दोन सेकंदांनी येऊन तेच काम पुन्हा करते.

मग डेटाबेस. डेटाबेस आणि अ‍ॅप्लिकेशन एकाच वेळी हलवा. आधी अ‍ॅप्लिकेशन मुंबईच्या `ap-south-1` मध्ये आणि डेटाबेस पणजीतच, असा मधला टप्पा सुरक्षित वाटतो, पण तो चालत नाही. एका पानासाठी ६० क्वेरी होत असतील आणि पणजी-मुंबई एका फेरीला समजा २० मिलिसेकंद लागत असतील, तर ते पान फक्त वाट बघण्यात १.२ सेकंद घालवते. एकाच मशीनवर असताना हा खर्च कधी जाणवलाच नव्हता.

डेटाबेस लहान असेल आणि जुलै महिना असेल तर पहाटे दोन तास बुकिंग बंद ठेवा आणि `pg_dump` व `pg_restore` ने तो सरळ हलवा. आधी एकदा रंगीत तालीम करून किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. लॉजिकल रेप्लिकेशनने बंद न ठेवताही नेता येते, पण त्यात सीक्वेन्सचे चालू आकडे पलीकडे जात नाहीत. ते हाताने पुढे नेले नाहीत तर नव्या जागी पहिलेच बुकिंग `duplicate key` म्हणून पडते. ज्यांना दोन तास बंद ठेवणे परवडते त्यांनी या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

डीएनएसचा टीटीएल, म्हणजे सर्व्हरचा पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत, दोन दिवस आधी ३०० सेकंदांवर आणा. हलवायच्या रात्री जुना सर्व्हर बंद करू नका, त्यावर फक्त "काम चालू आहे" असे पान ठेवा. जुन्या डेटाबेसवर लिहिणे मात्र पूर्ण थांबवा. काही लोकांचे मोबाइल जुन्याच सर्व्हरच्या पत्त्यावर जात राहतात, आणि एकेक बुकिंग दोन ठिकाणी विभागले गेले की ते जुळवणे फार जिकिरीचे होते.

पाचवी पायरी: भिंती आतच घाला

अखंड अ‍ॅप्लिकेशनविरुद्धची तक्रार खोटी नाही. होडीचा दर बदलायला गेले की खोलीचा हिशेब बिघडतो, कारण कोणीही कुठल्याही टेबलला हात घालतो. यावर उपाय भिंतीचा आहे. ती भिंत नेटवर्कचीच असावी असे काही नाही.

खोल्या, होड्या, पेमेंट असे वेगळे पॅकेज करा आणि डेटाबेसमध्ये त्यांच्या वेगळ्या स्कीमा ठेवा. प्रत्येक पॅकेजने बाहेरच्यांसाठी मोजक्या मेथड उघड्या ठेवायच्या, बाकी सगळे `internal` मध्ये. दुसऱ्याच्या टेबलवर सरळ `JOIN` नाही. हा नियम तोंडी ठेवला तर डिसेंबरच्या घाईत मोडतो, म्हणून तो चाचणीत लिहा. जावात आर्कयूनिटने तो असा लिहिता येतो:

```java
@ArchTest
static final ArchRule boatRoom =
 noClasses().that().resideInAPackage("..boat..")
  .should().dependOnClassesThat()
  .resideInAPackage("..room.internal..");
```

कोणी भिंत ओलांडली की बिल्ड पडतो. यातून फोडण्याचा जो मुख्य फायदा सांगितला जातो तो, म्हणजे एकाच्या बदलाने दुसऱ्याचे न बिघडणे, बऱ्याच अंशी मिळतो. पहिल्या पायरीतला व्यवहारही शाबूत राहतो. शिवाय भिंत चुकीच्या जागी पडली असे सहा महिन्यांनी कळले तर ती एका दुपारी सरकवता येते. दोन सर्व्हिसमधली भिंत सरकवायची तर डेटा हलवावा लागतो, आणि जुने-नवे दोन्ही पत्ते काही काळ चालू ठेवावे लागतात.

आमच्या सहा तुकड्यांत भिंत चुकली होतीच. खोल्या आणि होड्या वेगळ्या धंद्यांच्या वाटतात, म्हणून आम्ही त्या वेगळ्या केल्या. पण ग्राहक त्या एकत्र विकत घेतो आणि शेटना महिनाअखेरीचा हिशेब एकत्र लागतो. तीन टेबलांच्या एका `JOIN` वर निघणारा तो हिशेब आता तीन सर्व्हिसना विचारून जुळवावा लागत होता, आणि मधल्या काळात रद्द झालेल्या बुकिंगमुळे तो रुपयाला रुपया जुळत नव्हता. ताईंनी शेवटी वही काढली.

सहावी पायरी: बाहेर काय काढायचे

काही गोष्टी खरोखर वेगळ्या काढाव्यात. आमच्याकडे ती व्हाउचरची होती: पीडीएफ बनवणे, फोटो लहान करणे, मेल आणि मेसेज पाठवणे. ती बाहेर काढायला तीन कारणे होती. फोटो लहान करताना मेमरी एकदम चढते आणि त्यापायी बुकिंग मंद होऊ नये. ती दहा मिनिटे बंद पडली तरी खोली विकता येते. आणि सगळ्यात महत्त्वाचे, ती कागदावरच्या रेघेच्या बाहेर आहे. व्हाउचर उशिरा गेले म्हणून बुकिंग रद्द करायचे नसते.

तिलाही सरळ बोलावू नका. बुकिंगच्याच व्यवहारात एका टेबलमध्ये चिठ्ठी टाका:

```sql
INSERT INTO outbox (kind, booking_id)
VALUES ('voucher', 9051);
```

बुकिंग झाले तर चिठ्ठी आहे, बुकिंग मागे घेतले गेले तर चिठ्ठीही गेली. व्हाउचरचा वर्कर दर दोन सेकंदांनी `SELECT ... FOR UPDATE SKIP LOCKED LIMIT 10` अशी चिठ्ठ्या उचलतो. `SKIP LOCKED` मुळे दोन वर्कर एकच चिठ्ठी उचलत नाहीत. मेल पाठवल्यानंतर आणि चिठ्ठी पुसण्याआधी वर्कर मेला तर तोच मेल दुसऱ्यांदा जातो. ते पूर्ण टाळता येत नाही. व्हाउचर दोनदा गेले तर कोणाचे नुकसान नाही. हेच पैसे परत करण्याच्या कामात झाले तर नुकसान आहे. म्हणून तिथे बुकिंगच्या आकड्यावरून तयार केलेली, प्रत्येक प्रयत्नात तीच राहणारी `Idempotency-Key` पाठवावी लागते. प्रयत्नागणिक ती नवी बनवली तर तिचा काही उपयोग नाही.

या पद्धतीला संदेशांच्या रांगा सांभाळणारे मोठे साधन लागत नाही. आम्ही अजून पोस्टग्रेसच्याच टेबलवर चालवतो. लक्ष एकाच आकड्यावर ठेवायचे: सर्वात जुनी चिठ्ठी किती मिनिटांची आहे. पाच मिनिटांपुढे गेली की फोन वाजतो.

याखेरीज फोडायचे कारण माणसांचे असू शकते. एकाच कोडवर वीस-तीस जण काम करतात, वेगवेगळ्या टीमना वेगवेगळ्या दिवशी डिप्लॉय करायचे असते आणि एकमेकांची वाट बघण्यात आठवडे जातात, तेव्हा वर सांगितलेला सगळा खर्च देऊनही फोडणे परवडते. पाच जणांच्या टीमला सहा सर्व्हिस म्हणजे माणशी एकापेक्षा जास्त. चतुर्थीला दोघे गावी गेले की काही सर्व्हिस आतून माहीत असलेले कोणीच ऑफिसात नसते. आमच्याकडे तसे झाले आहे.

आधीच फोडले असेल तर

फोडलेले खरोखर सुटे झाले आहे का, हे डिप्लॉयच्या नोंदीत दिसते. मागचे वीस बदल काढा. त्यातल्या किती बदलांसाठी दोन किंवा अधिक सर्व्हिस एकाच दिवशी, ठरावीक क्रमाने डिप्लॉय कराव्या लागल्या? निम्म्याहून जास्त असतील तर ते एकच अ‍ॅप्लिकेशन आहे, फक्त मध्ये नेटवर्क घालून चालवलेले. दुसरी खूण: नव्या मुलाला लॅपटॉपवर एक बुकिंग करून बघायला किती वेळ लागतो. आमच्याकडे पूर्वी एक तास लागायचा, सहा तुकडे झाल्यावर तीन दिवस.

परत जोडताना सगळे एकदम जोडू नका. ज्या दोन सर्व्हिसमध्ये सर्वात जास्त बोलणे होते तिथून सुरुवात करा. आम्ही आधी होड्या आणि खोल्या बुकिंगमध्ये आणल्या. पहिल्या आठवड्यात कोड फक्त एका प्रोसेसमध्ये आणला, आतले एचटीटीपी कॉल तसेच ठेवले. दुसऱ्या आठवड्यात ते कॉल काढून सरळ मेथड घातल्या. तिसऱ्या आठवड्यात तिन्ही बदल एका `BEGIN` आणि `COMMIT` मध्ये घेतले आणि अर्धवट बुकिंग दुरुस्त करणारे जॉब पुसून टाकले. एकेक टप्पा मागे घेता येत होता, म्हणून आठवड्याचे अंतर ठेवले. त्यानंतर पेमेंट आणि शेवटी दारावरची गेटवे सर्व्हिस, जिच्यामागे आता एकच पत्ता उरला होता. ऑगस्ट संपता संपता काम झाले. व्हाउचर वेगळीच राहिली. हिकारीचा पूल आम्ही प्रत्येक प्रतीला १५ ठेवला आणि प्रतींची कमाल संख्या चारवर बांधली, म्हणजे गर्दी कितीही झाली तरी अ‍ॅप्लिकेशनची कनेक्शन साठच्या पुढे जात नाहीत. डिप्लॉय करताना क्षणभर पाचवी प्रत उभी राहते, तेव्हा ती पंचाहत्तर होतात.